एका सेंट्रिफ्यूजचं निर्लेखन: पहिल्या यादीपासून लाल शाईच्या नोंदीपर्यंत

जुनं सामान काढून टाकायचं म्हणजे भंगारवाल्याला फोन करायचा, असं सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत काम न केलेल्यांना वाटतं. आमच्या संस्थेत 23 संगणक, नमुने थंड ठेवून वेगाने फिरवणारं एक रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज आणि एक यूपीएस बाहेर काढायला जून 2024 ते फेब्रुवारी 2025 असे नऊ महिने लागले. फाइल दोनदा परत आली आणि एक यंत्र शेवटी यादीतून वगळावं लागलं. पुढच्या माणसाचे त्यातले निदान तीन महिने वाचावेत म्हणून हे क्रमाने लिहून ठेवतो आहे.

संस्था केंद्राच्या अनुदानावर चालणारी आहे, त्यामुळे इथले नियम जनरल फायनान्शियल रूल्स 2017 मधले, म्हणजे रोजच्या बोलण्यातला जीएफआर. विल्हेवाटीचा भाग नियम 217 ते 223 मध्ये आहे. राज्य सरकारच्या कार्यालयांत आणि जिल्हा परिषदांत यालाच निर्लेखन म्हणतात. तिथली जडसंग्रह नोंदवही, समित्या आणि अधिकारमर्यादा वेगळ्या, पण अडचणी बऱ्याचशा याच.

सुरुवात एप्रिलमधल्या वार्षिक पडताळणीपासून झाली. स्थावर मालमत्ता सोडून बाकीच्या मत्ता जीएफआर 22 या नमुन्यातल्या रजिस्टरमध्ये असतात आणि त्या वर्षातून एकदा प्रत्यक्ष पाहायच्या असतात. त्या पाहणीत शेऱ्याच्या रकान्यात 'वापरात नाही' असं ज्यांच्यापुढे आलं, त्यांची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात काढली. रजिस्टरमध्ये संगणक 24 होते आणि खोलीत 23 निघाले.

पहिला धडा इथेच मिळाला. अशा वेळी सगळ्यात सोपा आणि सगळ्यात घातक मार्ग म्हणजे चोविसावाही 'कालबाह्य' म्हणून त्याच प्रस्तावात घुसवणं. वस्तू समोर नसेल तर तिच्या स्थितीचा अहवाल कोण देणार? न सापडणारी वस्तू हा तोटा आहे. त्याचा अहवाल वेगळा, चौकशी वेगळी आणि मंजुरीही वेगळी. आम्ही चोविसाव्याची स्वतंत्र टिपणी केली आणि निर्लेखनाची यादी 23 वर थांबवली. पुढे वित्त विभागाची पहिली शंका नेमकी याच आकड्यावर आली, तेव्हा उत्तर तयार होतं.

दुसरं काम म्हणजे प्रत्येक वस्तू कुणाची आहे ते बघणं. संशोधन प्रकल्पातून आलेल्या यंत्रांच्या मंजुरीपत्रात बहुतेक वेळा एक कलम असतं: अनुदान देणाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय यंत्र विकता येणार नाही. खोली संस्थेची आणि वीजबिल संस्थेचं म्हणून यंत्रही संस्थेचं, असं समजू नये. आमचं सेंट्रिफ्यूज विभागाच्या नेहमीच्या निधीतून घेतलेलं निघालं. ते सिद्ध करायला 2014 सालचा पुरवठा आदेश लागला आणि तो शोधण्यात अकरा दिवस गेले. तो खरेदी विभागात मिळाला नाही. मिळाला लेखा विभागाच्या व्हाउचरच्या गठ्ठ्यात. जुना कागद हवा असेल तर पैसे जिथून गेले तिथे आधी शोधा. पैशाचा कागद सहसा कुणी फेकत नाही.

संगणकांचे अनुक्रमांक जुळवतानाही वेळ गेला. मागची चिकटपट्टी घासून कोरी झाली होती. जे चालू होत होते त्यांच्यावर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही ओळ टाकली की क्रमांक समोर येतो:

```
wmic bios get serialnumber
```

जे सुरूच होत नव्हते, त्यांचं कॅबिनेट उघडून आतल्या पट्टीवरून क्रमांक घेतले. दोघांच्या बाबतीत रजिस्टरमधल्या आकड्यांत शेवटचे दोन अंक उलटसुलट झाले होते. रजिस्टरमध्ये परस्पर खाडाखोड न करता तशी नोंद टिपणीत केली आणि दुरुस्तीवर विभागप्रमुखांची सही घेतली.

जुलै महिना स्थिती-अहवालात गेला. प्रस्ताव अडकतात ते बहुतेक इथेच, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो. आमच्या पहिल्या मसुद्यात सगळ्या वस्तूंपुढे 'नादुरुस्त व निरुपयोगी' असा एकच शेरा होता. भंडार अधिकाऱ्यांनी तो न वाचताच बाजूला ठेवला आणि त्यांचं बरोबर होतं. नियमात तीन वेगळे शब्द आहेत: अतिरिक्त, कालबाह्य आणि वापरास अयोग्य. चालणारी पण आपल्याला नको असलेली वस्तू अतिरिक्त. चालणारी पण काळाच्या मागे पडलेली ती कालबाह्य. बिघडलेली आणि दुरुस्त करणं परवडत नाही ती वापरास अयोग्य. कारण बदललं की पुढचे प्रश्नही बदलतात. अतिरिक्त म्हटलं तर 'दुसऱ्या विभागाला विचारलं का?' असा प्रश्न येतो. अयोग्य म्हटलं तर 'कुणाच्या हलगर्जीपणामुळे बिघडली का?' हा येतो, कारण तसं असेल तर जबाबदारी निश्चित करायची असं नियम 217 मध्येच आहे.

आमचे संगणक 2013-14 सालचे. 23 पैकी 9 सुरू होत होते, म्हणून 'सर्व नादुरुस्त' हे विधान सरळसरळ खोटं ठरलं असतं. अहवालात लिहिलं ते असं: नऊ संच सुरू होतात. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा असल्याने विंडोज 11 बसत नाही, कारण त्याला टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि बरीच नवी पिढी लागते. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपणार असल्याने संस्थेच्या नेटवर्कवर हे संच ठेवणं सुरक्षा धोरणात बसत नाही. म्हणून कालबाह्य. उरलेल्या चौदांचे मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा संच गेलेले, त्यामुळे वापरास अयोग्य. नऊ संचांची यादी 15 दिवस सगळ्या विभागांना फिरवली. मागणी आली नाही. एका विभागाने फक्त 'त्यातली रॅम काढून देता का?' असं विचारलं.

ती देऊ नये. मंजुरीआधी काढलेला प्रत्येक सुटा भाग म्हणजे स्थिती-अहवाल आणि प्रत्यक्ष वस्तू यांच्यातला फरक. खरेदीदार पाहणीला येतो तेव्हा चार-दोन कॅबिनेट हमखास उघडून बघतो, आणि रॅम नसेल तर त्याचा दर तिथल्या तिथे उतरतो. सुटा भाग खरंच उपयोगाचा असेल तर तो काढल्याची नोंद अहवालातच करा आणि तो दुसऱ्या मत्तेला लावल्याचं लिहून ठेवा. हार्ड डिस्कची गोष्ट वेगळी. त्या आम्ही काढल्याच, पण 'सर्व 23 डिस्क काढून संगणक विभागाच्या ताब्यात, अनुक्रमांक सोबत' असं परिशिष्ट जोडून. संगणक विभागाने नंतर त्यांना ड्रिलने भोकं पाडली, दोन साक्षीदारांच्या सहीचा पंचनामा केला आणि भोकं पाडलेल्या डिस्क लॉटमध्ये परत टाकल्या.

सेंट्रिफ्यूजचा अहवाल कसा असावा हे आम्ही तिसऱ्या मसुद्यात शिकलो. 'कूलिंग होत नाही' यात निर्णय घेण्यासारखं काही नाही. अंतिम मजकूर असा होता: तापमान 4 अंश लावून एक तास रिकामं चालवल्यावर चेंबर 18 अंशांच्या खाली जात नाही. कंप्रेसर सुरू होऊन काही सेकंदांत ट्रिप होतो. सेवा अभियंत्याच्या तपासणी अहवालानुसार कंप्रेसर आणि नियंत्रण कार्ड दोन्ही बदलावी लागतील, अंदाजे खर्च 1,38,000 रुपये. कार्डाचं उत्पादन बंद झाल्याचं उत्पादकाचं पत्र सोबत जोडलं आहे. चेंबरच्या तळाशी गंज. वापरवहीतली शेवटची नोंद नोव्हेंबर 2021. यातल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद होता. उत्पादकाचं पत्र सर्वांत उशिरा, तीन आठवड्यांनी आलं. पण नंतर विल्हेवाट समितीत 'दुरुस्त का करत नाही?' हा प्रश्न त्याच एका पत्राने मिटला. सुटे भाग मिळत नसल्याचं पत्र पहिल्याच दिवशी मागवा.

याच यंत्राबाबत दोन गोष्टी आमच्या डोळ्यांतून सुटणार होत्या. एक म्हणजे रोटर, नमुन्यांच्या नळ्या धरून फिरणारा भाग. यंत्राबरोबर एक आणि नंतर वेगळा घेतलेला एक असे दोन रोटर होते. दुसऱ्याची नोंद भलत्याच पानावर होती. यंत्र गेलं आणि रोटर कपाटात राहिला तर काही वर्षांनी कुणीतरी तो दुसऱ्या यंत्रात बसवून बघणार. हजारो फेऱ्यांच्या ताणाने थकलेला धातू वेगात फुटू शकतो. म्हणून दोन्ही रोटरवर रंगाने फुली मारून ते यादीत घेतले. दुसरी गोष्ट निर्जंतुकीकरणाची. जैविक नमुने फिरलेलं यंत्र 'स्वच्छ व निर्जंतुक केले' अशा प्रयोगशाळाप्रमुखांच्या दाखल्याशिवाय कुणाच्याही हातात देऊ नये. शिल्लक शीतक वायू हवेत सोडून न देता तंत्रज्ञाकडून सिलिंडरमध्ये काढून घेतला. त्याचे 2,500 रुपये झाले आणि ते प्रस्तावात आधी धरले नव्हते.

आता यादीतून वगळलेल्या यंत्राबद्दल. पहिल्या यादीत 'गॅस क्रोमॅटोग्राफ, 1 नग' अशी साधी ओळ होती. समितीच्या तांत्रिक सदस्याने पाहणीत विचारलं, 'डिटेक्टर कोणता?' उत्तर निघालं इलेक्ट्रॉन कॅप्चर, म्हणजे ईसीडी. या डिटेक्टरमध्ये निकेल-63 या किरणोत्सारी समस्थानिकाचं पातळ अस्तर असू शकतं, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे 100 वर्षं. यंत्र पंधरा वर्षांचं म्हातारं असलं तरी तो स्रोत अजून तरुणच. रजिस्टरमध्ये याचा उल्लेख नव्हता. होता तो फक्त डिटेक्टरवरच्या त्रिपर्णी चिन्हात, आणि ते चिन्ह ओव्हनच्या झाकणाखाली.

ही सावधगिरी का, त्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं 1985 पासून बंद पडलेलं एक गामा इरॅडिएटर फेब्रुवारी 2010 मध्ये जुन्या सामानाच्या लिलावात विकलं गेलं. ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोहोचलं, तिथे फोडलं गेलं आणि आतलं कोबाल्ट-60 लोकांच्या हाताला लागलं. एक माणूस दगावला, आणखी काही जणांना गंभीर इजा झाल्या. कोबाल्टच्या त्या स्रोतापुढे ईसीडीतला स्रोत अगदी किरकोळ आहे, पण चूक एकाच जातीची: रजिस्टरमधल्या ओळीवर विसंबून वस्तूच्या पोटात न पाहणं. असा स्रोत असेल तर अणुऊर्जा नियामक परिषदेच्या, म्हणजे एईआरबीच्या, परवानगीनेच तो पुरवठादाराकडे परत जातो किंवा त्याची विल्हेवाट लागते. त्याची फाइल निराळी. आम्ही क्रोमॅटोग्राफ यादीतून काढला, कारण त्याच्यासाठी बाकीचं सामान अडवून धरण्यात अर्थ नव्हता.

ऑगस्टमध्ये पुस्तकी किमतीचं, म्हणजे घसारा वजा जाता उरलेल्या किमतीचं, काम सुरू झालं. नियम सांगतो की पुस्तकी किंमत, अंदाजित किंमत आणि राखीव किंमत अशा तिन्ही काढा, आणि पुस्तकी किंमत काढणं शक्य नसेल तर मूळ खरेदी किंमत वापरा. ही शेवटची सवलत लोक सर्रास घेतात. आम्हीही घेणार होतो, पण लेखा विभागाने अडवलं, कारण घसाऱ्याचे तक्ते उपलब्ध होते.

आमच्यासारख्या केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांमध्ये घसारा सरळ रेषेने लागतो: संगणकांना वर्षाला 20 टक्के, प्रयोगशाळेच्या उपकरणांना 8 टक्के, विद्युत जोडणीच्या मत्तांना 5 टक्के. खरेदीच्या वर्षी पूर्ण वर्षाचा घसारा लागतो, आणि किंमत संपली की मत्ता एक रुपयाला पुस्तकात राहते. सेंट्रिफ्यूज 2014-15 मध्ये 2,40,000 रुपयांना घेतलं. 31 मार्च 2024 पर्यंत दहा वर्षं, म्हणजे 80 टक्के घसारा, 1,92,000 रुपये. उरले 48,000. संगणक प्रत्येकी 36,400 चे, पाच वर्षांतच संपलेले, म्हणून 23 संगणकांचे मिळून 23 रुपये.

खरा घोळ यूपीएसचा झाला. 10 केव्हीएचा यूपीएस, 2016-17 मध्ये 1,12,000 रुपयांना घेतलेला. आम्ही तो संगणक साहित्य समजून त्याच्यापुढे एक रुपया लिहिला. लेखा विभागाच्या तक्त्यात मात्र तो विद्युत जोडणीच्या गटात होता. तिथे 5 टक्क्यांनी आठ वर्षांचा घसारा 44,800, म्हणून पुस्तकी किंमत 67,200 रुपये. एक रुपया आणि 67,200 या फरकामुळे फाइल पहिल्यांदा परत आली. वस्तू दिसते कशी यावर पुस्तकी किंमत ठरत नाही. ताळेबंदात ती ज्या गटात बसवली आहे त्या गटावर ठरते. तेव्हा यादी तयार करण्याआधी लेखा विभागाकडून वस्तूवार घसारा-उतारा घ्या आणि त्यावर त्यांचीच सही घ्या. ज्या वर्षी वस्तू जाते त्या वर्षाचा घसारा लावायचा की नाही, हेही त्यांनाच लेखी विचारा.

तिन्ही मिळून मूळ किंमत 11,89,200 आणि पुस्तकी किंमत 1,15,223 झाली. हे दोन्ही आकडे पाहून एका सदस्यांचं म्हणणं पडलं की रक्कम लाखांत आहे, तेव्हा जाहीर निविदाच काढायला हवी. हा गैरसमज फार ठिकाणी आढळतो. नियम 218 मधली दोन लाखांची मर्यादा मूळ किमतीला किंवा पुस्तकी किमतीला लागू नाही. ती आजच्या अंदाजित अवशिष्ट किमतीला आहे, म्हणजे बाजारात आज त्या सामानाचे काय येतील त्याला. ती दोन लाखांवर असेल तर जाहीर निविदा किंवा जाहीर लिलाव. दोन लाखांच्या आत असेल तर पद्धत सक्षम अधिकारी ठरवू शकतो, आणि ठरवताना जागा अडून राहू नये, सामानाची किंमत आणखी पडू नये हे बघायचं असतं. आमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारात बसलं, पण ते सिद्ध करायला अवशिष्ट किंमत नीट काढावी लागली.

समितीत चौघे होते: भंडार अधिकारी, वित्त विभागाचा प्रतिनिधी, एक तांत्रिक सदस्य आणि वापरकर्त्या विभागाबाहेरचे एक प्राध्यापक. 22 ऑगस्टला पाहणी झाली. किंमत 'अंदाजे' न लिहिता वजनावर काढली. प्लॅटफॉर्म काटा दिवसभरासाठी आणला. सेंट्रिफ्यूज 165 किलो भरलं. त्यातलं 140 किलो लोखंड-पत्रा 28 रुपयांनी आणि मोटर-कंप्रेसरचे 25 किलो 60 रुपयांनी धरून 5,420 रुपये झाले. यूपीएस बॅटऱ्या काढून 92 किलो, आत तांब्याचा ट्रान्सफॉर्मर, म्हणून 75 रुपयांनी 6,900. संगणक आणि मॉनिटर नगावर, मिळून 10,700. दर तीन ठिकाणी फोन करून विचारले आणि कुणाला, कधी विचारले ते टिपणीत लिहिलं.

मग बॅटऱ्या तोलल्या. यूपीएसच्या 20 लेड-ॲसिड बॅटऱ्या 2020 मध्ये दुरुस्तीच्या खात्यातून बदललेल्या, त्यामुळे मत्तेच्या रजिस्टरमध्ये त्यांचं नावही नव्हतं. भरल्या 270 किलो. 85 रुपयांनी 22,950 रुपये! पुस्तकात कुठेच नसलेली वस्तू बाकी सगळ्या यादीच्या बरोबरीची निघाली. 'यूपीएस, 1 नग' एवढंच लिहून प्रस्ताव गेला असता, तर त्या बॅटऱ्या यूपीएसच्या पोटातून फुकटच गेल्या असत्या किंवा वाटेत गायब झाल्या असत्या, आणि कुठल्याच कागदावर ते दिसलं नसतं. त्या वेगळ्या ठेवण्याचं दुसरंही कारण आहे. बॅटऱ्यांसाठी 2022 चे वेगळे बॅटरी कचरा नियम आहेत, आणि बाकीच्या सामानासाठी 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचरा नियम. नव्या ई-कचरा नियमांत प्रयोगशाळेची उपकरणंही येतात, त्यामुळे सेंट्रिफ्यूजही साधं लोखंडी भंगार राहत नाही. असे दोन लॉट झाले: पहिला ई-कचऱ्याचा, राखीव किंमत 23,000. दुसरा बॅटऱ्यांचा, त्याचीही 23,000.

जीएफआर 10 या नमुन्यात हे सगळं एका पानावर येतं: वस्तूचं वर्णन, नग किंवा वजन, पुस्तकी किंवा मूळ किंमत, स्थिती आणि खरेदीचं वर्ष, विल्हेवाटीची पद्धत, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात आम्ही फक्त परिशिष्टाचा क्रमांक दिला. टिपणी तीन पानांची आणि परिशिष्टं सात: खरेदी कागद, घसारा-उतारा, स्थिती-अहवाल, अभियंत्याचा अहवाल आणि उत्पादकाचं पत्र, टॅगसह फोटो, समितीचं इतिवृत्त, दरांची नोंद. फोटो काढताना वस्तू आणि तिचा मत्ता क्रमांक एकाच चौकटीत आले पाहिजेत. नुसते वस्तूचे फोटो कोणत्याही खोलीतले असू शकतात, असं वित्त विभाग म्हणतो आणि त्यात चूक काही नाही.

फाइलचा प्रवास असा: प्रयोगशाळाप्रमुख, विभागप्रमुख, भंडार, समिती, वित्त अधिकारी, कुलसचिव, संचालक. फाइल 3 सप्टेंबरला वित्त अधिकाऱ्यांकडे गेली. 19 तारखेला यूपीएसच्या किमतीवरून परत आली, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळची शंका होती: 'चालू स्थितीतले नऊ संगणक शाळेला का देऊ नयेत?' प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरात लिहिलं की ज्या कारणासाठी हे संच आपल्या नेटवर्कवर ठेवता येत नाहीत ते कारण शाळेतही तसंच राहतं, शिवाय वर्षा-दोन वर्षांत त्यांची विल्हेवाट शाळेच्या गळ्यात पडेल. हे उत्तर मान्य झालं. माझ्या मते एखाद्या संस्थेने संच दुरुस्त करून, मोफत प्रणाली घालून, परत घेण्याची जबाबदारी पत्करून दिले तर तेही चालण्यासारखं आहे, पण तेवढी तयारी आमच्याकडे नव्हती.

दिवाळीच्या सुट्ट्यांत फाइल कुठे आहे हे दोन आठवडे कळलं नाही. 12 नोव्हेंबरला संचालकांची मंजुरी आली. मंजुरीच्या वाक्यात 'विक्रीस' आणि 'पुस्तकातून वजा करण्यास' असे दोन्ही शब्द आहेत का ते तपासा. पहिल्या मसुद्यात फक्त विक्रीला मंजुरी मागितली होती. तशीच सही झाली असती तर सेंट्रिफ्यूज गेलं तरी त्याचे 48,000 रुपये पुस्तकात तसेच राहिले असते आणि वजावटीसाठी फाइलला पुन्हा त्याच जिन्याने वर जावं लागलं असतं.

विक्रीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंद असलेल्या आठ पुनर्चक्रीकरण उद्योगांना दरपत्रकं मागितली. ज्यांच्याकडे वर्षभरात हजार किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक उपकरणं वापरात असतात त्या संस्था नियमांच्या भाषेत मोठ्या ग्राहक ठरतात. त्यांनी ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रीकरण करणारे यांनाच द्यायचा असतो. पंखे-ट्यूबलाइट धरून मोजलं तर मध्यम आकाराची संस्थाही सहज त्यात जाते. काही जण 2016 च्या नियमांखालचा, सामान सुटं करण्याचा जुना परवाना पुढे करतात. नव्या नियमांत तो स्वतंत्र प्रकार उरलेला नाही. नोंदणीची प्रत घ्या आणि पोर्टलवर स्वतः ताडून पाहा.

चार दरपत्रकं आली. बॅटऱ्यांना किलोला 98 रुपये मिळाले. ई-कचऱ्याच्या लॉटला मात्र सर्वाधिक देकार 17,500, म्हणजे राखीव किमतीच्या खाली. आधी संशय आला की सगळे मिळालेले आहेत. पण पाहणीला आलेल्यांशी बोलल्यावर कारण कळलं: सामान तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट लहान आणि 165 किलोचं सेंट्रिफ्यूज. उतरवण्याचा खर्च प्रत्येकाने आपल्या दरातून कापला होता. राखीव किंमत कमी करण्याऐवजी आम्ही 3,200 रुपये मजुरी देऊन सगळं तळमजल्यावर आणलं आणि पुन्हा दर मागवले. या वेळी 24,300 आले. मजुरी जाऊनही 3,600 रुपयांचा फायदा झाला, आणि राखीव किमतीखाली विकल्याचा ठपकाही टळला. दुसऱ्या पत्रात एक वाक्य वाढवलं होतं: दर जीएसटी वगळून द्यावेत. पहिल्या वेळी दोघांनी करासह आणि दोघांनी कराविना दर दिले होते, त्यामुळे तुलनेचा तक्ताच जमत नव्हता.

16 जानेवारीला सामान उचललं. आधी पूर्ण पैसे खात्यात, मग गेटपास. बॅटऱ्या पुन्हा तोलल्या तेव्हा 262 किलो भरल्या, आठ किलो कमी. ऑगस्टमध्ये आम्ही त्या लोखंडी ट्रेसकट तोलल्या होत्या! दर किलोवर ठरला होता म्हणून वाद झाला नाही. 25,676 रुपये आले. ठोक रकमेला विकल्या असत्या तर खरेदीदाराने तिथेच हुज्जत घातली असती. गेटपासवर प्रत्येक मत्ता क्रमांक लिहिला आणि गाडीत चढवताना एकेकापुढे खूण केली. पुनर्चक्रीकरणाचा दाखला 27 दिवसांनी आला. तो येईपर्यंत फाइल बंद करू नका, एकदा पैसे चुकते झाले की त्याची आठवण फक्त तुम्हालाच असते.

शेवटी विक्रीचा हिशेब जीएफआर 11 या नमुन्यात, उचल पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीने. इथे एक अनपेक्षित अडचण आली. पहिला लॉट 24,300 ला ठोक विकला होता, पण लेखा विभागाला वस्तूवार नफा-तोटा हवा होता. मग राखीव किंमत काढताना धरलेल्या रकमांच्या प्रमाणात विक्रीची रक्कम वाटली. सेंट्रिफ्यूजच्या वाट्याला 5,721 रुपये आले, म्हणून त्याचा तोटा 48,000 वजा 5,721, म्हणजे 42,279. पुढच्या वेळी दरपत्रकातच वस्तूवार रकाने ठेवणार. बॅटऱ्यांचे पैसे कुठल्याच मत्तेसमोर बसेनात, तेव्हा ते इतर उत्पन्नात जमा झाले.

रजिस्टरमध्ये 21 फेब्रुवारीला लाल शाईने नोंद झाली: मंजुरी क्रमांक व दिनांक, विक्री पावती क्रमांक, शिल्लक शून्य. तो मत्ता क्रमांक पुन्हा कोणत्याही नव्या यंत्राला द्यायचा नाही, म्हणून ओळीवर आडवी रेघ न मारता ती वाचता येईल अशीच ठेवली. दुसऱ्या रोटरची नोंद ज्या भलत्याच पानावर होती तिथेही तीच नोंद केली. चोविसाव्या संगणकापुढचा रकाना अजून कोरा आहे. गॅस क्रोमॅटोग्राफ रिकाम्या खोलीत टेबलावर एकटाच बसला आहे, 'एईआरबीची परवानगी येईपर्यंत हलवू नये' अशी पाटी लावून.